ऑस्ट्रेलियाचं विद्यार्थी व्हिसाचं पत्र आलंय: मुक्काम, काम आणि परत जाणं, नेमकं वाचायचं कसं?

श्रीपाद_नौपाडा

नमस्कार मंडळी. मुलीचा मेलबर्नचा विद्यार्थी व्हिसा, म्हणजे सबक्लास ५००, परवा रात्री ईमेलने आला. कोर्स दोन वर्षांचा मास्टर्स आहे, वर्गात बसून शिकायचा, संशोधनाचा नव्हे. सुरुवात २३ फेब्रुवारी २०२६, शेवट ३० नोव्हेंबर २०२७. एजंटला फोन केला तर "झालं काका, पेढे वाटा" म्हणाला आणि ठेवला. पेढे वाटले. मग चष्मा लावून पत्र वाचायला बसलो आणि तिथेच अडकलो.

पत्रात 'मस्ट नॉट अराइव्ह आफ्टर' समोर १५ मार्च २०२८ आहे. मुक्कामाच्या मुदतीसमोरही तीच तारीख. कोर्स नोव्हेंबर २०२७ ला संपतोय, मग हे साडेतीन महिने कुठून आले? चुकून तर पडले नाहीत ना? प्रवासासमोर 'मल्टिपल' लिहिलंय. त्याखाली अटींचे नुसते आकडे: ८१०५, ८२०२, ८५०१, ८५१६, ८५१७, ८५३३. पासपोर्टवर कोणी काही चिकटवलेलं नाही.

डिसेंबर २०२६ मध्ये पुतण्याचं लग्न आहे, ती येणारच. जाताना पुन्हा व्हिसा काढावा लागेल का? आणि कामाचे तास नक्की किती? घरात चार जणांनी चार आकडे सांगितलेत.

काका_पाचपाखाडी

अभिनंदन! पासपोर्टवर शिक्का नाही म्हणजे काम अर्धवट आहे. माझ्या मेहुण्याच्या वेळी स्टिकर लागला होता. व्हिसा सेंटरला पासपोर्ट नेऊन द्यावा लागतो. एजंटला धरा.

गणेश_ऐरोली

काका, आता स्टिकर नसतो. सगळं कॉम्प्युटरवर. श्रीपादराव, तासांचं सोपं आहे: आठवड्याला २० तास. माझा भाचा २०१९ ला गेला तेव्हा हेच होतं. मध्ये कोविडनंतर काही काळ मोकळीक होती, ती आता बंद झालीय.

अनघा_नेरुळ

माझा मुलगा इंग्लंडला आहे, लेस्टरला. त्यालाही टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच आहेत, आणि पत्रात ते स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्हाला आधी एक कार्ड मिळणार होतं, मग ते बंद करून ऑनलाइन केलं, त्यात इतका गोंधळ झाला की विचारू नका. त्यामुळे मी म्हणेन की सगळ्याची प्रिंट काढून फाईल करा. आणि टीबीच्या तपासणीचा कागद हँडबॅगेत ठेवा.

गणेश_ऐरोली

अनघाताई, ते ऑस्ट्रेलियाचं विचारतायत हो.

अनघा_नेरुळ

माहीत आहे. फाईल कुठेही लागतेच.

ऋता_मेलबर्न

मी पाचपाखाडीचीच, आता बरीच वर्षं मेलबर्नमध्ये. हॉटेलं-कॅफे यांच्या पगारपत्रकांचं काम करते, त्यामुळे ८१०५, म्हणजे कामाच्या तासांची अट, माझ्या टेबलावर रोज असते. एकेक घेते.

काका, स्टिकर खरंच लागत नाही. व्हिसा त्यांच्या संगणकात तिच्या पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो. म्हणून पत्र हातात आल्यावर पहिलं काम तारखा बघण्याचं नाही, पासपोर्ट क्रमांक बघण्याचं. आपल्या पासपोर्टच्या क्रमांकात सुरुवातीला एक अक्षर आणि पुढे सात आकडे. पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवा, मग नाव, मग जन्मतारीख. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या 'व्हेवो' नावाच्या ऑनलाइन सेवेत तिची माहिती टाकून बघा. तिथे जे दिसेल तोच खरा व्हिसा. विमान कंपनी आणि मालक दोघंही छापील कागदावर विसंबत नाहीत, संगणकातली नोंद बघतात.

१५ मार्च चुकून पडलेला नाही. दहा महिन्यांपेक्षा मोठा कोर्स नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे इथलं शैक्षणिक वर्ष संपताना संपला, तर व्हिसा साधारणपणे पुढच्या १५ मार्चपर्यंत देतात. तोच कोर्स जूनमध्ये संपला असता तर दोनच महिने जास्त मिळाले असते. निकाल लागणं, पदवीदान, पुढचा अर्ज, यासाठी तो वेळ असतो.

'मस्ट नॉट अराइव्ह आफ्टर' म्हणजे त्या दिवसानंतर या व्हिसावर ऑस्ट्रेलियात शिरता येणार नाही. 'मल्टिपल' म्हणजे तोवर कितीही वेळा ये-जा करा. लग्नाला खुशाल येऊ द्या, नवा व्हिसा लागत नाही. त्यातही एक मेख आहे, पण आधी तास.

गणेशदादा, तुमचा आकडा भाच्याच्या वेळेचा. तेव्हा पंधरवड्याला ४० होते. १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास आहेत.

गणेश_ऐरोली

मग झालं की, आठवड्याला २४. मी चारनेच चुकलो :)

ऋता_मेलबर्न

आठवड्याला २४ धरून चाललं तर कधीच अडचण येत नाही, हे खरं. पण नियम तसा लिहिलेला नाही, आणि पोरं फसतात ती तिथेच.

नियमातला पंधरवडा म्हणजे सोमवारी सुरू होणारे कुठलेही १४ दिवस. *कुठलेही*. पगाराचा पंधरवडा संपला की पाटी कोरी होते, असं नाही. दर सोमवारी एक नवा पंधरवडा सुरू होतो आणि तो आधीच्या पंधरवड्याच्या अर्ध्या भागावर चढलेला असतो.

तुमच्याच मुलीचं उदाहरण मांडते. समजा तिला कॅफेत काम लागलं आणि मार्चमध्ये असे तास पडले:

२ मार्चचा आठवडा: १६ तास
९ मार्चचा आठवडा: ३० तास
१६ मार्चचा आठवडा: २२ तास
२३ मार्चचा आठवडा: २६ तास

कॅफे दर दोन आठवड्यांनी पगार देतं. पहिल्या स्लिपवर १६ अधिक ३०, म्हणजे ४६. दुसऱ्या स्लिपवर २२ अधिक २६, म्हणजे बरोबर ४८. दोन्ही स्लिपा नियमात बसतात. मॅनेजरही खूष, मुलगीही निश्चिंत. पण ९ मार्चच्या सोमवारपासून १४ दिवस मोजा. ३० अधिक २२, झाले ५२. अट मोडली, आणि कुठल्याच स्लिपवर ते दिसत नाही.

म्हणून मी पोरांना एकच सांगते: रोस्टर हातात आला की या आठवड्याचे तास अधिक गेल्या आठवड्याचे तास करा. बेरीज ४८ च्या वर जात असेल तर त्याच दिवशी मॅनेजरला मेसेज टाका. वरच्या हिशोबात ३० तासांच्या आठवड्यानंतर तिने १८ च्या पुढची शिफ्ट घ्यायलाच नको होती.

श्रीपाद_नौपाडा

बाप रे. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मग मॅनेजरच्या लक्षात येत नाही का हे?

ऋता_मेलबर्न

चांगल्या ठिकाणी येतं. आमच्या प्रणालीत विद्यार्थी व्हिसाची खूण असते, बेरीज ४८ च्या वर गेली की लाल दिवा लागतो. छोट्या कॅफेत रोस्टर भिंतीवर कागदाला चिकटवलेला असतो, तिथे कोण मोजणार? आणि दोन ठिकाणी काम असेल तर एका मालकाला दुसरीकडचे तास कळतच नाहीत. दोन्हींची बेरीज तिलाच ठेवायची. युनिव्हर्सिटीच्या आवारातलं काम, डिलिव्हरी ॲपवरचं काम, सगळं याच ४८ मध्ये येतं.

गणेश_ऐरोली

आणि रोखीत घेतलं तर? भाच्याचे मित्र असंच करायचे. त्याचा कुठे हिशोब असतो?

ऋता_मेलबर्न

तास तेवढेच मोजले जातात, फक्त पुरावा तिच्या हातात राहत नाही. ज्या मालकाने रोखीत ठेवलंय तोच पुढे पगारासाठी अडवतो आणि वर "तुझा व्हिसा जाईल" म्हणून धमकावतो. असे किस्से इथे बरेच ऐकले आहेत. एक लक्षात ठेवा: तास जास्त झाले म्हणून केलेल्या कामाचा पगार बुडवायचा हक्क मालकाला मिळत नाही. त्यासाठी इथे फेअर वर्क ओम्बड्समनकडे जाता येतं.

आणि जे रीतसर पगार देतात, ते प्रत्येक पगाराला करखात्याला आकडा कळवतात. करखातं आणि गृहखातं नोंदी जुळवतात. त्यामुळे 'कोणाला कळतंय' हे धोरण फार काळ चालत नाही. तास ओलांडलेले दिसले म्हणून दुसऱ्या दिवशी व्हिसा रद्द होत नाही. आधी नोटीस येते, उत्तर द्यायची संधी मिळते. पण ते उत्तर लिहायला बसायची वेळ कशाला आणायची?

पल्लवी_घोडबंदर

मध्येच विचारते. मीही जुलैत मास्टर्सला जातेय, सोबत नवरा येतोय. मला एका ग्रुपवर सांगितलं की मास्टर्सवाल्यांना तासांची मर्यादाच नसते. मग ही ४८ ची भानगड बॅचलर्ससाठीच ना?

गणेश_ऐरोली

हो, मीही ऐकलंय, मास्टर्स आणि पीएचडीला सूट आहे.

ऋता_मेलबर्न

यात दोन गोष्टींची खिचडी झालीय. विद्यार्थ्याला सूट आहे ती संशोधनाच्या मास्टर्सला आणि पीएचडीला, संशोधन सुरू झाल्यानंतर. श्रीपादकाकांच्या मुलीसारखा वर्गातला मास्टर्स असेल तर ४८ लागू.

सोबत आलेल्या नवऱ्याची अट वेगळी, ८१०४. तिथे मात्र मुख्य विद्यार्थ्याने मास्टर्स सुरू केला असेल, मग तो वर्गातला असला तरी, जोडीदाराला तासांची मर्यादा राहत नाही. म्हणजे पल्लवी, तू ४८ तासांत आणि तुझा नवरा मोकळा. फक्त तुझा कोर्स सुरू होईपर्यंत दोघांनीही काम करायचं नाही.

पल्लवी_घोडबंदर

हे घरी वाचून दाखवणार आहे. स्वयंपाक कोण करणार हेही ठरलं मग.

श्रीपाद_नौपाडा

कोर्स सुरू होईपर्यंत काम नाही? आमची दहा-बारा दिवस आधी जातेय. तिथल्या एका ओळखीच्या कॅफेवाल्याने "ये, ट्रायल दे" म्हणून सांगितलंय. ट्रायलचे पैसे नाहीत, नुसतं बघायला.

ऋता_मेलबर्न

नको. ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते काम, असा अर्थ धरतात. तुम्हाला पैसे मिळाले की नाही हा मुद्दा नसतो. तीन तास कप उचलले तर ते कामच. ओळख करून घ्यायला जावं, कॉफी प्यावी, एप्रन बांधू नये. कोर्स सुरू झाला की मग ट्रायल द्यावी, आणि खरी ट्रायल असेल तर तिचेही पैसे मागावेत.

सुट्ट्यांचं उलट आहे. युनिव्हर्सिटीने जाहीर केलेल्या सत्रांमधल्या सुट्टीत कितीही तास करता येतं. परीक्षेचे आठवडे मात्र सत्रातच मोजतात, लेक्चर नसलं तरी. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादा विषय घेतला आणि त्याचे गुण मुख्य कोर्सला धरले जाणार असतील तर तेवढा काळही सत्र चालू आहे असंच समजतात. मुलं इथे हमखास गफलत करतात, कारण मित्र सुट्टीवर असतात आणि चाळीस-चाळीस तास करत असतात.

निखिल_खारघर

ॲडलेडला शिकून परत आलेला माणूस. ऋताताईंनी 'मेख' म्हणून जे सोडलंय ते मी सांगू का? पासपोर्ट.

श्रीपादकाका, मुलीचा पासपोर्ट कधी संपतोय?

श्रीपाद_नौपाडा

ऑगस्ट २०२७. व्हिसा मार्च २०२८ चा. हे चालतं का?

निखिल_खारघर

चालतं. व्हिसा पासपोर्टपेक्षा लांबचा असू शकतो. पण मध्ये नवा पासपोर्ट निघणार, त्याचा क्रमांक नवा असणार, आणि व्हिसा जोडलेला आहे जुन्या क्रमांकाला. लग्नाला आली की सगळे म्हणतील "आलीच आहेस तर ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन टाक". हरकत नाही. मात्र नवं पुस्तक हातात आल्याबरोबर ज्या खात्यातून अर्ज केला होता, त्या इमी अकाउंटमध्ये जाऊन नव्या पासपोर्टची माहिती भरायची. मग व्हेवोत नवा क्रमांक टाकून व्हिसा दिसतोय का ते बघायचं. दिसला की मगच विमानतळाची वाट धरायची. माझ्यासोबतच्या एकाने ते केलं नव्हतं. चेक-इन काउंटरवर "व्हिसा नाही" असं उत्तर आलं, जुना पासपोर्ट दाखवून फोनाफोनी होईपर्यंत विमान गेलं.

माझं मत विचाराल तर लग्नाच्या धावपळीत पासपोर्टचा उद्योग करूच नका. पोलीस पडताळणी अडकली तर परतीची तारीख गेली, आणि फेब्रुवारीत सत्र सुरू. तिथूनच भारतीय वकिलातीकडे नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. घाई नसलेल्या महिन्यात तिकडेच करावं.

आणि इमी अकाउंटचा पासवर्ड तिच्याकडे आहे की एजंटकडे?

श्रीपाद_नौपाडा

एजंटकडे. ईमेलही त्यानेच काढलेला दिसतोय.

निखिल_खारघर

मग पेढ्यांचा बॉक्स घेऊन जा आणि त्याच्यासमोर बसून सगळं तिच्या नावावर करून घ्या. नोटीस आली तर ती त्या ईमेलवर जाणार, तो दोन वर्षांनी उघडेलच असं नाही.

परत जाण्याबद्दल अजून एक, हे २०२८ साठी ठेवा. कोर्स संपल्यावर ती बहुतेक पदवीनंतरच्या ४८५ व्हिसाचा अर्ज करेल. विद्यार्थी व्हिसा चालू असताना तिथे राहून अर्ज केला की ब्रिजिंग व्हिसा ए, म्हणजे निर्णय येईपर्यंत तिथे राहायचा तात्पुरता व्हिसा मिळतो, पण तो लगेच सुरू होत नाही, १५ मार्च उलटल्यावर सुरू होतो. आता बघा: जानेवारी २०२८ मध्ये गणपतीपुळ्याला फिरायला म्हणून आली आणि फेब्रुवारीत परत गेली, तर विद्यार्थी व्हिसावरच आत शिरेल. काही प्रश्न नाही. एप्रिलमध्ये आली तर मात्र ती ब्रिजिंग ए वर असेल, आणि तो व्हिसा देश सोडला की संपतो. परत शिरता येत नाही. बाहेर पडायच्या आधी ब्रिजिंग व्हिसा बी मागून घ्यावा लागतो, त्यात परत यायची मुदत लिहिलेली असते.

सगळ्यात वाईट फसतात ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात इकडे येऊन १८-२० तारखेचं परतीचं तिकीट काढणारी. जाताना विद्यार्थी व्हिसा जिवंत, येताना मेलेला.

काका_पाचपाखाडी

पूर्वी स्टिकरवर तारीख डोळ्यांसमोर असायची. हे बरं होतं.

निखिल_खारघर

काका, याबाबतीत तुमच्याशी सहमत :)

श्रीपाद_नौपाडा

बाकीच्या आकड्यांचं काय? ८५१७ बघून बायको घाबरली, त्यात मुलांच्या शिक्षणाचं काहीतरी आहे. तिचं लग्नही व्हायचंय अजून!

ऋता_मेलबर्न

८५१७ सोबत आलेल्या शाळकरी मुलांच्या शिक्षणासाठी. सरसकट सगळ्यांच्या पत्रात छापतात. सोडून द्या.

८५०१ आरोग्य विमा. विम्याची शेवटची तारीख आणि १५ मार्च २०२८ शेजारी ठेवून बघा, विमा आधी संपत नाही ना. ८२०२ म्हणजे पूर्णवेळ प्रवेश टिकवणं आणि पास होत राहणं. लग्नासाठी यायचं तर सत्र संपल्यावर. 'दोन आठवडे जास्त राहते, बघू' हे इथे महागात पडतं. ८५१६ म्हणजे ज्या गोष्टी दाखवून व्हिसा मिळवला त्या पुढेही खऱ्या राहिल्या पाहिजेत.

८५३३ कडे कोणी बघत नाही. पोचल्यावर सात दिवसांत राहता पत्ता युनिव्हर्सिटीला कळवायचा, आणि घर बदललं की पुन्हा सात दिवसांत. सुरुवातीला पोरं तात्पुरत्या खोलीत उतरतात, मग तिसऱ्या आठवड्यात तिघी-चौघी मिळून घर घेतात. तो दुसरा पत्ता कळवायचा राहून जातो. युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर दोन मिनिटांचं काम आहे.

अनघा_नेरुळ

पोर्टलवर पत्ता बदलल्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवायला सांगा.

ऋता_मेलबर्न

हे मात्र अगदी बरोबर, ताई. फाईलवाल्यांचा विजय असो.

सचिन_वाशी

उशिरा येतोय धाग्यावर. माझा मुलगा सिडनीला आहे, वर्गातलाच मास्टर्स. तो तिथून रात्री आपल्या महापेच्या कंपनीचं कोडिंगचं काम करतो, पगार इथल्या खात्यात रुपयांत येतो. ऑस्ट्रेलियातल्या कोणाची नोकरी घेतली नाही, तिथे एक डॉलर कमावला नाही. मग हे तास ४८ मध्ये कसे येतील? एजंटने लिहून दिलंय की मोजत नाहीत.

गणेश_ऐरोली

बरोबर आहे, मालक भारतात, पैसा भारतात. त्यांचा काय संबंध?

ऋता_मेलबर्न

मी ते मोजणारच, दादा. नियमात काम म्हणजे 'ऑस्ट्रेलियात केलेलं, एरवी ज्याचा मोबदला मिळतो असं काम'. पैसे कुठे येतात याचा त्यात उल्लेख नाही. मुलगा खुर्चीवर बसलाय तो सिडनीत.

सचिन_वाशी

पण त्याच्या ओळखीच्या दोन-तीन मुलांना असंच सांगितलं गेलंय की परदेशी मालकाचं काम धरत नाहीत. एजंट नोंदणीकृत आहे.

निखिल_खारघर

नोंदणीकृत एजंट असेल तर त्याने कुठल्या आधारावर म्हटलंय ते त्याच्याकडून ईमेलवर मागा. माझ्या वेळीही यावर दोन मतं होती. माझ्या बॅचची मुलं कॅफेचे २० आणि असे २० मिळून ४० धरायची, तेव्हाची मर्यादा तीच होती.

सचिन_वाशी

कॅफेचेच ४० होतात त्याचे पंधरवड्याला. म्हणजे महापेला आठच तास उरतात. कंपनी ऐकणार नाही.

ऋता_मेलबर्न

मग कॅफे कमी करायचा. कोडिंगचे पैसे कॅफेपेक्षा बरे असतील अशी आशा आहे.

सचिन_वाशी

रुपयांत आहेत हो, म्हणून तर कॅफे. एजंटला ईमेल टाकलाय, उत्तर आलं की इथे लिहितो.

श्रीपाद_नौपाडा

मंडळी, आज एजंटकडे जाऊन आलो. इमी अकाउंट मुलीच्या ईमेलवर घेतलं. व्हेवोत पासपोर्ट क्रमांक टाकला, सगळं जुळतंय. विमा १५ मार्च २०२८ पर्यंतच आहे. निखिल, पासपोर्टचं तिथूनच करायचं ठरवलंय. आता एकच शंका: कॅफेवाला म्हणतोय की त्याचा पगाराचा पंधरवडा बुधवारी सुरू होतो. मग तिने बेरीज बुधवारपासून करायची की सोमवारपासून?

ऋता_मेलबर्न

सोमवारपासून. बुधवार त्याच्या पगारासाठी. त्यामुळे स्लिप बघून हिशोब करायचाच नाही, रोजचे तास स्वतःच्या फोनमध्ये लिहायचे.